सीबीडीने नशा येत नाही, मग भाची दिवसभर पेंगते कशी?

*प्रश्न: माझी भाची सहा वर्षांची, वजन २० किलो, लेनॉक्स-गॅस्टो सिंड्रोम, म्हणजे अपस्माराचा एक अवघड प्रकार. बहीण न्यू जर्सीला असते. तिथल्या डॉक्टरांनी क्लोबाझाम आणि व्हॅल्प्रोएट ही झटक्यांची औषधं चालू ठेवून गांजाच्या झाडातल्या सीबीडीचं औषध सुरू केलं. झटके कमी झाले, पण तिसऱ्या आठवड्यापासून ती दिवसभर पेंगते, लाळ गळते. सीबीडीने नशा येत नाही ना? मग हे काय? आणि डॉक्टरांनी सीबीडी तसंच ठेवून क्लोबाझाम कमी केलं, यकृताच्या तपासण्याही लावल्या. आम्ही पुण्याहून इथलं सीबीडीचं तेल पाठवू म्हणत होतो, ते चालेल का?*

पेंग सीबीडीमुळेच आली आहे, पण ती गांजाची नशा नाही. बहुतांशी ती क्लोबाझामची गुंगी आहे आणि ती यकृतातून आली आहे. डॉक्टरांनी क्लोबाझाम कमी केलं ते योग्यच केलं. तेल पाठवू नका. का, ते खाली सांगतो.

भांग-गांजाच्या झाडातले टीएचसी आणि सीबीडी हे दोन पदार्थ म्हणजे जवळजवळ जुळी भावंडं. दोघांचं रासायनिक सूत्र एकच, C₂₁H₃₀O₂. अणू तेवढेच, फरक बांधणीचा. टीएचसीमध्ये एक ऑक्सिजन वळून मधलं कडं पूर्ण करतो, त्यामुळे रेणू बराचसा सपाट आणि ताठ राहतो. सीबीडीमध्ये ते कडं उघडंच असतं. त्याचे दोन्ही हायड्रॉक्सिल गट मोकळे राहतात आणि रेणूचे दोन भाग एकमेकांशी जवळपास काटकोनात वळलेले असतात. ही उघडी कडी लक्षात ठेवा, यकृताकडे गेल्यावर तिचा पुन्हा संबंध येणार आहे.

मेंदूत सीबी१ नावाचे रिसेप्टर असतात. ते मुख्यतः संदेश पाठवणाऱ्या पेशीच्या टोकावर बसलेले असतात. त्यांचं काम लगाम घालण्याचं: पुढची पेशी जास्त उत्तेजित झाली की ती एक चरबीयुक्त रेणू उलटा मागे सोडते, तो सीबी१ला जाऊन चिकटतो, टोकातलं कॅल्शियम आत येणं कमी होतं आणि पुढचा संदेश हलका होतो. १९९२ मध्ये शोधलेल्या अशा एका रेणूला शास्त्रज्ञांनी आपल्या 'आनंद' शब्दावरून आनंदामाइड हे नाव दिलं. शरीर हा लगाम गरज पडेल तिथे, क्षणभर ओढतं. टीएचसी मात्र सगळीकडे एकदम आणि तासन्‌तास ओढून धरतं. स्मृतीच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, हालचालीचा तोल राखणाऱ्या सेरेबेलममध्ये, मेंदूच्या बाह्यावरणात, सगळीकडे. म्हणून आठवण सुटते, वेळ लांबल्यासारखी वाटते, पाय लटपटतात. यालाच आपण नशा म्हणतो.

सीबीडीचा वळलेला रेणू सीबी१च्या त्या जागेत नीट बसतच नाही. त्याची तिथली पकड टीएचसीच्या तुलनेत कित्येक पटींनी ढिली आहे, आणि जिथे थोडाफार संबंध येतो तिथेही तो रिसेप्टर चालू करत नाही. प्रयोगशाळेत तर असं दिसलं आहे की तो बाजूच्या एखाद्या जागेवर बसून टीएचसीचा जोर थोडा कमीच करतो. त्यामुळे 'सीबीडीने नशा येत नाही' हे वाक्य खरंच आहे. घोळ होतो तो त्याचा अर्थ 'सीबीडी मेंदूत काही करत नाही' किंवा 'सीबीडी सौम्य आहे' असा काढल्यावर.

मग झटके कशाने थांबतात? इथे एकच उत्तर नाही. सीबीडी अनेक ठिकाणी थोडं थोडं काम करतं. त्यातल्या तीन जागांचा पुरावा त्यातल्या त्यात बरा आहे. पहिली जागा जीपीआर५५ या रिसेप्टरची. हा चालू झाला की पेशीच्या आतल्या साठ्यातून कॅल्शियम बाहेर येतं आणि ग्लुटामेट, म्हणजे उत्तेजक संदेश, जास्त सुटतो. सीबीडी हा रिसेप्टर अडवतं. दुसरी जागा टीआरपीव्ही१ या कॅल्शियम वाहिनीची. मिरची खाल्ल्यावर तोंड भाजतं ते हीच वाहिनी उघडल्यामुळे. सीबीडी तिला आधी उघडतं आणि मग बधिर करून टाकतं. तिसरी गोष्ट अ‍ॅडेनोसिनची. मेंदूला शांत करणारा हा रेणू पेशी आत ओढून घेतात, सीबीडी ते ओढणं रोखतं, म्हणून तो बाहेर जास्त वेळ टिकतो. याशिवाय मेंदूला शांत करणाऱ्या गाबा-ए रिसेप्टरचं कामही ते थोडं वाढवतं. क्लोबाझाम याच रिसेप्टरवर काम करतं, पण त्याची बसण्याची जागा वेगळी. म्हणजे पेंगेचा थोडा वाटा मेंदूतल्या या बेरजेचाही असणार.

इथे एक गोष्ट नजरेत भरायला हवी. टीएचसीला एकच जागा सापडली आहे आणि तिथे त्याची पकड घट्ट आहे, म्हणून ते मिलिग्रॅममध्ये चालतं. टीएचसीच्या औषधी गोळीचा, ड्रोनॅबिनॉलचा, सुरुवातीचा डोस मोठ्या माणसाला एका वेळी २.५ मिलिग्रॅम असतो. सीबीडीच्या सगळ्या पकडी ढिल्या, म्हणून त्याचा डोस सुरूच होतो २.५ मिलिग्रॅम *दर किलोला*, तोही दिवसातून दोनदा. तुमच्या भाचीला पहिल्याच आठवड्यात दिवसाला १०० मिलिग्रॅम, पुढे २०० आणि कमाल ४००. अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालेलं औषध मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमचं आहे, म्हणजे पहिला आठवडा अर्धा मिलि सकाळी, अर्धा मिलि रात्री, मग एक-एक मिलि. जो पदार्थ मेंदूत सौम्य म्हणून ओळखला जातो, तो त्याच कारणाने यकृतापर्यंत शेकडो मिलिग्रॅममध्ये पोहोचतो. यकृताचा त्रास इथून सुरू होतो.

तोंडाने घेतलेलं औषध आतड्यातून शोषलं की ते रक्त आधी थेट यकृतात जातं, बाकी शरीराला नंतर मिळतं. सीबीडीचा बराच मोठा भाग या पहिल्या फेरीतच बदलून जातो. हे काम मुख्यतः दोन एन्झाइम करतात, सीवायपी२सी१९ आणि सीवायपी३ए४. पण एन्झाइमच्या काम करण्याच्या खाचेत सीबीडी बसलेलं असताना दुसऱ्या औषधाला तिथे जागा मिळत नाही. त्यातही २सी१९ला सीबीडी नुसतं गर्दी करून नव्हे, चांगलं चिकटून अडवतं. या चिकटण्यात त्याचे मोकळे हायड्रॉक्सिल गट आणि पाच कार्बनची शेपटी यांचा वाटा असल्याचं प्रयोगशाळेत दिसलं आहे. म्हणजे ज्या उघड्या कडीमुळे रेणू सीबी१मध्ये बसला नाही, तिचाच एक मोकळा गट यकृतात जाऊन अडकतो.

आता क्लोबाझाम. यकृत त्याच्यावर दोन पायऱ्यांत काम करतं. पहिल्या पायरीत मुख्यतः ३ए४ त्याचं रूपांतर नॉरक्लोबाझाममध्ये करतं (रिपोर्टवर याला डेसमिथाइलक्लोबाझाम असंही म्हणतात). दुसऱ्या पायरीत २सी१९ त्या नॉरक्लोबाझामला निकामी करतं. बहुतेक औषधांत पहिली पायरी झाली की औषध संपलं असं धरलं तरी चालतं. इथे तसं नाही. नॉरक्लोबाझाम स्वतःच झटके थांबवतं, स्वतःच गुंगी आणतं, आणि नेहमीच्या माणसातही रक्तात मूळ औषधाच्या तीन ते पाच पट साचलेलं असतं. हौदात पाणी सोडणारा नळ पूर्वीसारखाच चालू आहे आणि खालच्या तोटीत कुणीतरी बोळा कोंबला आहे, असं समजा. निरोगी स्वयंसेवकांत सीबीडीमुळे नॉरक्लोबाझाम तिप्पट झालं, मूळ क्लोबाझाम मात्र जवळजवळ हललंच नाही. २०१५ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधून १३ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चार आठवड्यांत नॉरक्लोबाझामची वाढ सरासरी ५०० टक्के होती, मुलामुलांत खूप फरक होता. १० मुलांना त्रास झाला, मुख्यतः पेंग, आणि क्लोबाझाम कमी केल्यावर तो उतरला. पुढच्या मोठ्या चाचण्यांतही हेच दिसलं. सीबीडीबरोबर क्लोबाझाम घेणाऱ्यांत पेंगेचं प्रमाण ४६ टक्के, न घेणाऱ्यांत १६ टक्के.

तिसऱ्या आठवड्यातच पेंग का दिसली, पहिल्या दिवशी का नाही? नॉरक्लोबाझाम निम्मं व्हायला मुळातच तीन दिवसांहून जास्त लागतात. बाहेर जाण्याचा वेग एक तृतीयांश झाला की हा काळ नऊ-दहा दिवसांवर जातो. नवी पातळी स्थिर व्हायला अशा चार-पाच खेपा लागतात, म्हणजे सव्वा ते दीड महिना. त्यात सीबीडीचा डोसही दर आठवड्याला वाढत असतो. म्हणून सुरुवातीला सगळं छान वाटतं आणि 'आता औषध लागू पडलं' असं म्हणेपर्यंत मूल मान टाकायला लागतं.

आकड्यांत पाहू. समजा तिला सकाळी ५ आणि रात्री १० असं १५ मिलिग्रॅम क्लोबाझाम चालू होतं, रक्तात मूळ औषध ३०० आणि नॉरक्लोबाझाम १५०० नॅनोग्रॅम दर मिलिलिटर. प्रयोगशाळा साधारणपणे अनुक्रमे ३० ते ३०० आणि ३०० ते ३००० ही मर्यादा धरतात, म्हणजे दोन्ही ठीक. सीबीडीनंतर मूळ औषध ३००च्याच आसपास राहील, नॉरक्लोबाझाम ४५००कडे सरकेल. म्हणून रिपोर्टमध्ये फक्त 'क्लोबाझाम लेव्हल' असेल आणि ती नॉर्मल आली, तर तिला काडीचा अर्थ नाही. दोन्ही आकडे मागायला सांगा. क्लोबाझाम १५ वरून १० केलं की तीच पातळी शेवटी ३००० वर येऊन थांबेल. 'शेवटी' म्हणतो कारण वर जायला लागला तेवढाच वेळ खाली यायलाही लागतो. डोस कमी केल्यावर चार दिवसांत फरक नाही म्हणून घाईने आणखी कमी करू नका. क्लोबाझाम बेंझोडायझेपिन गटातलं औषध आहे, ते झपाट्याने उतरवलं तर न थांबणारी फिट येऊ शकते. किती आणि कधी उतरवायचं हे तिच्या न्यूरोलॉजिस्टनेच ठरवायचं. बहिणीने रोजची वही ठेवावी: झटके किती, दिवसा झोप किती तास, जेवण किती, लाळ किती. रक्ताच्या आकड्याइतकीच ही वही उपयोगी पडते. एवढं मात्र थांबून पाहायचं नाही: हलवूनही नीट जागी होत नसेल, श्वास मंद किंवा घरघरता असेल, गिळताना ठसका लागत असेल, तर थेट इमर्जन्सीत न्यायचं.

आपल्या लोकांसाठी एक जोड. २सी१९चं जनुक काहींमध्ये जन्मतःच निकामी असतं, आणि दक्षिण आशियाई लोकांत साधारण दहात एक जण असा निघतो. अशा मुलाची तोटी आधीपासूनच तुंबलेली असते. त्याचं नॉरक्लोबाझाम सीबीडी येण्याआधीच खूप जास्त असतं, आणि पुढे सीबीडीमुळे फारसं वाढत नाही. म्हणून सीबीडी सुरू करण्याआधीची पातळी माहीत असणं महत्त्वाचं.

कुणी विचारेल, मग सीबीडी स्वतः काही करतं की नुसतं क्लोबाझाम वाढवून झटके कमी करतं? हा वाद खराच झाला आहे. युरोपच्या औषध नियामकाने २०१९ मध्ये या आजारासाठी सीबीडीला मंजुरी दिली ती क्लोबाझामसोबतच घेण्याच्या अटीवर. माझं मत असं की परिणामाचा काही भाग नक्कीच नॉरक्लोबाझामचा आहे, पण सगळा नाही. क्लोबाझाम न घेणाऱ्या मुलांतही झटके कमी होतात, प्रमाण मात्र कमी असतं.

यकृताच्या तपासण्यांचं कारण वेगळं आहे, ते क्लोबाझामच्या गोष्टीत मिसळू नका. तिथे दोषी जोडी सीबीडी आणि व्हॅल्प्रोएटची. गंमत म्हणजे सीबीडीमुळे व्हॅल्प्रोएटची रक्तातली पातळी वाढत नाही, त्यामुळे ती मोजून काही कळत नाही. दोन्ही मिळून यकृताच्या पेशींनाच ताण देतात. मंजुरीच्या चाचण्यांत एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, नॉर्मलच्या तिपटीवर गेलेल्या मुलांचं प्रमाण असं होतं: सीबीडीबरोबर व्हॅल्प्रोएट आणि क्लोबाझाम दोन्ही असतील तर ३० टक्के, फक्त व्हॅल्प्रोएट असेल तर २१, फक्त क्लोबाझाम असेल तर ४, दोन्ही नसतील तर ३. तुमची भाची पहिल्या गटात आहे. म्हणून सुरू करण्याआधी आणि मग पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या महिन्याला एसजीपीटी, एसजीओटी, बिलिरुबिन करतात. व्हॅल्प्रोएट चालू असताना आणि डोस वाढवल्यावर तर त्याहून लवकर. बहुतेक वाढ पहिल्या दोन महिन्यांतच दिसते.

रिपोर्ट वाचायचा कसा? नॉर्मलची वरची हद्द ४० धरली तर एसजीपीटी ९० आलं म्हणून घाबरून औषध बंद करायचं नाही, लवकर पुन्हा तपासायचं. १२०च्या वर गेलं आणि बिलिरुबिनही वरच्या हद्दीच्या दुपटीपलीकडे गेलं, तर सीबीडी थांबवतात. बिलिरुबिन ठीक असलं तरी एसजीपीटी २००च्या वर टिकून राहिलं तरीही थांबवतात. अनेकदा आधी सीबीडी किंवा व्हॅल्प्रोएट, दोघांतलं एक कमी करून पाहतात. वाढ झालेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश मुलांत असं केल्यावर आकडे खाली आले, उरलेल्यांत डोस तसाच ठेवूनही उतरले. भूक गेली, सारख्या उलट्या झाल्या, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहायची नाही.

आता पुण्याच्या तेलाचं. आपल्याकडे भांगेच्या पानांपासूनची औषधं आयुष परवान्याखाली विकली जातात. बाटलीवर 'विजया अर्क', म्हणजे भांगेचा अर्क, इतके मिलिग्रॅम असं लिहिलेलं असेल, तर अर्क म्हणजे सीबीडी नव्हे, त्यात सीबीडी किती आणि टीएचसी किती हे वेगळं लागतं. अमेरिकेतही हीच रड आहे: २०१७ मध्ये ऑनलाइन विकली जाणारी ८४ उत्पादनं तपासली तेव्हा लेबलाप्रमाणे सीबीडी फक्त २६ मध्ये निघालं, आणि १८ मध्ये टीएचसी सापडलं. समजा लेबल अगदी खरं आहे आणि तेलात सीबीडी-टीएचसीचं प्रमाण वीसास एक आहे. मोठ्या माणसाने झोपेसाठी चार थेंब घेतले तर त्यातलं टीएचसी नगण्य. पण २०० मिलिग्रॅम सीबीडी मिळवायला मुलीला रोज १० मिलिग्रॅम टीएचसी पाजावं लागेल, म्हणजे मोठ्या माणसाच्या एका वेळच्या सुरुवातीच्या डोसच्या चौपट, २० किलोच्या मुलीला. तेव्हा मात्र खरीच नशा येईल. शिवाय ३० मिलिच्या बाटलीत एकूण १००० मिलिग्रॅम असेल तर ती पाच दिवसांत संपेल, आणि पुढची बाटली वेगळ्या ताकदीची निघाली की नॉरक्लोबाझामही वर-खाली होणार. विमानातून गांजाचं उत्पादन नेण्यातली कायद्याची भानगड वेगळीच.

घरातल्या मोठ्यांसाठीही एक सूचना, कारण गुडघेदुखीसाठी असलं तेल घेणारे पुष्कळ आहेत. हृदयात स्टेंट बसवून क्लोपिडोग्रेल घेणाऱ्याच्या बाबतीत गणित उलटं होतं. क्लोपिडोग्रेल यकृतात २सी१९नेच *कामाचं* बनतं, तोटी तुंबली तर ते पुरेसं कामाचं होणार नाही. रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनचा परिणाम सीबीडीने वाढल्याची नोंद आहे, म्हणून रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आयएनआर तपासावा लागतो. मूत्रपिंड बदललेल्यांच्या टॅक्रोलिमसची पातळीही वाढते. चार थेंबांत हे सगळं होईलच असं नाही, हा परिणाम डोसवर अवलंबून असतो, पण आपण तेल घेतो हे डॉक्टरांना माहीत हवं.

बहिणीला दोन गोष्टी मात्र सांगा. पहिली, सीबीडी तेलात विरघळतं, म्हणून तुपातेलाच्या जेवणाबरोबर ते उपाशीपोटीपेक्षा चार-पाच पट जास्त शोषलं जातं. कधी दूध-तूप-भाताबरोबर, कधी रिकाम्या पोटी असं दिलं तर डोस तोच ठेवूनही रोज वेगळं औषध दिल्यासारखं होतं. रोज एकाच पद्धतीने द्यावं, आणि चमच्याने नाही, सोबत आलेल्या सिरिंजने. दुसरी, पुढे कधी सीबीडी बंद करायची वेळ आली तर तोटीतला बोळा निघतो हे विसरू नये. सीबीडी शरीरातून जायला दोन आठवडे लागतात, त्याबरोबर नॉरक्लोबाझामही उतरत जातं, आणि क्लोबाझाम तर आधीच कमी करून ठेवलेलं असतं. तेव्हा झटके वाढू शकतात, पहिल्या दिवशी नाही, दोन-तीन आठवड्यांनी. म्हणून सीबीडी उतरवतानाच क्लोबाझाम पुन्हा किती वाढवायचं, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावं.